संघटना हक्काची, संप नियमाबाहेरचा

१४ मार्च २०२३ रोजी, एका मंगळवारी, महाराष्ट्रातले लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी बेमुदत संपावर गेले. तहसील कार्यालयांत खुर्च्या रिकाम्या होत्या. सरकारी रुग्णालयांत परिचारिका बाहेर मंडपात बसल्या होत्या. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच चालीत ऐकू येत होती. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार त्यात आपला वाटा घालते, आणि निवृत्तीनंतर हातात काय पडेल ते तेव्हा बाजार ठरवत होता. जुन्या योजनेत पूर्ण सेवा झालेल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन ठरलेले असायचे. भांडण या फरकाचे होते.

त्याच दिवशी विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे ज्याला सगळे मेस्मा म्हणतात ते, मंजूर केले. आधीच्या मेस्माची मुदत संपून गेली होती. सातव्या दिवशी, २० मार्चला, मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर संप मागे घेतला गेला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची तीन जणांची समिती संपाच्या पहिल्याच दिवशी नेमली गेली होती. तिच्या अहवालाची वाट पाहायची असे ठरले.

त्या आठवड्यात गावोगावच्या चर्चेत दोन ठाम मते ऐकू येत होती. एक म्हणायचे, संप हा आमचा घटनेने दिलेला हक्क आहे. दुसरे म्हणायचे, सरकारी नोकराला संघटना करायचाच हक्क नाही, सरळ घरी बसवा. दोन्ही मते कायद्याला धरून नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याला संघटनेत राहण्याचा मूलभूत हक्क आहे, शांततेने निदर्शने करण्याचाही आहे, आणि संपाचा मात्र नाही. ही रेषा नेमकी आखली गेली ती मुंबईतल्या एका हिशेब कार्यालयातल्या प्रकरणात. ते प्रकरण आज फारसे कुणाला आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुलै १९६०. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींनी केंद्र सरकारचे कर्मचारी नाराज होते. किमान वेतन आणि महागाई भत्ता या दोन मुद्द्यांवर चर्चा फिसकटली आणि ११ जुलैच्या मध्यरात्रीपासून देशव्यापी संप सुरू झाला. सरकारने आधीच अत्यावश्यक सेवांचा अध्यादेश काढून तो बेकायदा ठरवला होता. पाच-सहा दिवसांत संप मिटला आणि मग कारवाया सुरू झाल्या.

मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात ई. एक्स. जोसेफ नावाचे कर्मचारी होते. तिथल्या बिनराजपत्रित हिशेब कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे ते सचिव. या संघटनेची मान्यता सरकारने १९५९ मध्येच काढून घेतली होती. त्या काळच्या केंद्रीय वर्तणूक नियमांत ४-ब असा एक नियम होता. ज्या संघटनेला सरकारने मान्यता दिलेली नाही, किंवा दिलेली मान्यता काढून घेतली आहे, तिचे सदस्य राहणे हाच त्या नियमाने गुन्हा ठरत होता. जोसेफ यांनी सचिवपद सोडले नाही, म्हणून त्यांच्यावर विभागीय कारवाई सुरू झाली. पुढे आणखी एक आरोप जोडला गेला. संपाच्या तयारीसाठी झालेल्या निदर्शनांत त्यांनी भाग घेतला, असा. हा नियम ४-अ खालचा आरोप. त्या नियमाने निदर्शने आणि संप दोन्हींवर एका वाक्यात बंदी घातली होती.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ च्या अखेरीस निकाल लागला आणि तो न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. सातारचे हे न्यायमूर्ती कामगार कायद्याचे जाणकार म्हणून ओळखले जात. त्यांनी नियम ४-ब रद्द केला. त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला संघटना करण्याचा हक्क दिला आहे. त्यावर बंधन घालायचे तर तेव्हा सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता यांच्यासाठीच घालता येत होते, आणि त्या बंधनाचा सुव्यवस्थेशी थेट, जवळचा संबंध दिसला पाहिजे. सरकार संघटनेला मान्यता देते किंवा काढते ती अनेक कारणांनी. त्यातल्या कित्येकांचा सुव्यवस्थेशी काडीचाही संबंध नसतो. मग सरकारच्या मर्जीवर माणसाचा संघटनेत राहण्याचा हक्क टांगून ठेवणे घटनेत बसत नाही. कार्यालयात शिस्त राहावी ही सरकारची अपेक्षा रास्त असली, तरी शिस्त हे कलम १९ मध्ये दिलेले कारण नाही.

निदर्शनांचा प्रश्न त्याच वर्षी फेब्रुवारीत सुटला होता. बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात घटनापीठाने म्हटले की शांततेने केलेले निदर्शन हा विचार व्यक्त करण्याचा एक मार्ग आहे. म्हणून सर्व प्रकारच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम टिकत नाही. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले की संप करणे हा मूलभूत हक्क नाही, आणि नियमातला संपबंदीचा भाग वैध आहे. जोसेफ यांना या निकालाचा फायदा मिळाला. निदर्शनांबद्दलची कारवाई पुढे चालवता येणार नाही असे ठरले.

तेव्हापासून आजपर्यंत कायद्याची चौकट हीच आहे. केंद्राने १९६४ मध्ये नवे वर्तणूक नियम केले, महाराष्ट्राने १९७९ मध्ये आपले महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम केले. राज्याच्या नियमांत निदर्शने आणि संप यांचा नियम सहावा आहे. संपाच्या तोंडावर सरकार जे परिपत्रक काढते, त्यात याच नियमाचा हवाला असतो. काळ्या फिती लावून काम करणे, जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या दारात घोषणा देणे, सुट्टीच्या दिवशी मोर्चा काढणे, निवेदन देणे यांतले काहीही संप ठरत नाही. संप मात्र नावावरून ओळखला जात नाही, परिणामावरून ओळखला जातो. पन्नास जणांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेचे अर्ज टाकले, किंवा सगळे हजेरीपटावर सही करून टेबलावर लेखणी आडवी ठेवून बसले, तरी तो संपच धरला जातो. म्हणून संपाच्या आदल्या दिवसाच्या परिपत्रकात विभागप्रमुखांना एक सूचना हमखास असते. संपकाळात कुणाची रजा मंजूर करू नका, आणि आधी मंजूर झालेल्या रजांवरही लक्ष ठेवा. आस्थापना शाखेतल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी दुपारपर्यंत हजर-गैरहजरांची संख्या वर कळवायची असते. हा माणूस संपावर असेल, तर ती संख्या कळवणारेच कुणी नसते.

इथे एक घोळ दूर करायला हवा. वर्तणूक नियम आणि मेस्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तणूक नियमांतली संपबंदी बाराही महिने लागू असते. ती मोडली तर मालक या नात्याने सरकार कारवाई करते. ताकीद, वेतनवाढ रोखणे, निलंबन, आणि टोकाला गेले तर बडतर्फी. यात पोलीस येत नाहीत. मेस्मा हा फौजदारी कायदा आहे. तो पुस्तकात आहे म्हणून आपोआप लागू होत नाही. अमुक सेवेत अमुक काळापर्यंत संपाला मनाई, असा आदेश सरकारने प्रसिद्ध करावा लागतो. त्या आदेशानंतर जो संपावर जाईल, किंवा इतरांना चिथावेल, त्याला अटक होऊ शकते आणि कैद होऊ शकते. वर्तमानपत्रात ‘मेस्मा लागणार’ अशी बातमी आली की कार्यालयात जी कुजबुज सुरू होते ती याच भीतीची. तरीही अनुभव असा, की मेस्मा उगारला जातो पुष्कळदा, आणि त्याखाली खटला चालून शिक्षा झाली असे क्वचितच ऐकू येते.

आता मान्यतेबद्दल. जोसेफ निकालाने सदस्यत्वाचा हक्क सुरक्षित केला, पण सरकारने प्रत्येक संघटनेशी बोललेच पाहिजे असे त्याने म्हटले नाही. मान्यता ही सवलत राहिली, आणि खरी नाडी तिथेच आहे. मान्यताप्राप्त संघटनेला बैठकीचे निमंत्रण मिळते, पत्राला उत्तर मिळते, पदाधिकाऱ्यांना संघटनेच्या कामासाठी काही सवलती मिळतात. केंद्राचे १९९३ चे मान्यता नियम याचे चांगले उदाहरण आहे. एखाद्या गटातल्या किमान ३५ टक्के कर्मचाऱ्यांचे सदस्यत्व असेल त्या संघटनेला मान्यता मिळते. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला किमान १५ टक्के लागतात. हे सदस्यत्व मोजायचे कसे? तर वर्गणी पगारातून कापून घेण्याचे संमतिपत्र ज्याने दिले तो सदस्य. पावतीपुस्तकावरच्या नावांना तिथे किंमत नाही. मान्यता पाच वर्षांची असते. संघटनेने एकट्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक तक्रार घेऊन यायचे नाही आणि राजकीय कामाला पैसा द्यायचा नाही, अशाही अटी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने देशातल्या एका मोठ्या टपाल कर्मचारी संघटनेची आणि तिच्या महासंघाची मान्यता काढून घेतली. आक्षेप होता तो संघटनेने शेतकरी आंदोलनाला आणि एका राजकीय पक्षाला दिलेल्या निधीबद्दल. संप न करताही संघटनेला बाहेर बसवता येते, ते असे.

कामगार संघटना म्हणून नोंदणी करून या अटींतून सुटता येत नाही का, असा प्रश्न साहजिक येतो. १९२६ चा कामगार संघटना कायदा उद्योगधंद्यातल्या कामगारांसाठी होता. मंत्रालयीन, महसुली, न्यायालयीन अशा खात्यांतले कर्मचारी राज्याचे सार्वभौम काम करतात, ते उद्योगातले कामगार नव्हेत, अशी भूमिका न्यायालयांनी घेतली. मद्रासच्या बिनराजपत्रित अधिकाऱ्यांच्या संघाचा नोंदणीचा अर्ज याच कारणाने फेटाळला गेला होता. त्यामुळे तहसीलदार कार्यालयातला कारकून एका बाजूला राहतो आणि एसटीचा चालक दुसऱ्या बाजूला.

हा फरक किती मोठा आहे ते २०२१-२२ च्या एसटी संपात दिसले. एसटी महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा लागू आहे. त्या कायद्यात चौदा दिवसांची नोटीस देऊन, आणि मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिच्या सदस्यांच्या बहुमताने ठरवून, कायदेशीर संप करता येतो. नोटीस न देता किंवा बहुमत न घेता केला तर तो बेकायदा. म्हणजे दार बंद नाही, दाराला कडी आहे. त्या वेळी कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती ती महामंडळाचे शासनात विलीनीकरण करण्याची. पगाराची शाश्वती हवी म्हणून ती मागणी होती, आणि आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांची नावे घेत लढणाऱ्या त्या माणसांना ती का हवी होती हे समजण्यासारखे आहे. पण विलीनीकरण झाले असते तर दुसऱ्या दिवसापासून ते नियम सहाखाली आले असते, आणि कायदेशीर संपाचा मार्ग त्यांच्यासाठी कायमचा बंद झाला असता. त्या पाच-सहा महिन्यांच्या गदारोळात ही गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगायला हवी होती, असे मला वाटत राहिले.

पोलिसांसाठी तर संघटनेचे दारही अर्धेच उघडे आहे. घटनेच्या कलम ३३ ने सशस्त्र दले आणि पोलीस यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनांवर निर्बंध आले. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस संघटनेवर सरकारने कारवाई केली तेव्हा पोलीसच रस्त्यावर उतरले, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर पोलीस संघटनेचा विषय महाराष्ट्रात पुन्हा डोके वर काढू शकला नाही.

संपावर गेलेल्या साध्या कर्मचाऱ्याचे प्रत्यक्षात काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एक वरिष्ठ लिपिक १९९८ मध्ये नोकरीत लागली. तिला स्वतःला जुनी पेन्शन आहे. ती संपावर गेली ती शेजारच्या टेबलावरच्या, २०१० मध्ये लागलेल्या सहकाऱ्यासाठी. २०२३ च्या संपात असे हजारो जण होते. तिचा मार्चचा एकूण पगार ६० हजार रुपये धरू. १४ ते २० मार्च, मधला शनिवार-रविवार धरून सलग सात दिवस ती गैरहजर. ‘काम नाही, वेतन नाही’ हे तत्त्व लावले तर ६० हजार भागिले ३१ गुणिले ७, म्हणजे सुमारे साडेतेरा हजार रुपये कापले जातील. मुलाच्या क्लासची फी त्या महिन्यात पुढे ढकलावी लागेल, पण एवढ्यावर भागले तर ते सोसता येते.

खरी धास्ती वेगळीच असते. ते सात दिवस सेवापुस्तकात कसे नोंदवले जाणार? देय रजा म्हणून नोंदवले तर पगारही मिळतो, फक्त रजा खर्ची पडते. असाधारण रजा म्हणून नोंदवले तर पगार जातो, पण सेवा अखंड राहते. अनधिकृत गैरहजेरी म्हणून नोंदवून सेवाखंड धरला, तर निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार खंडाच्या आधीची सेवा हिशेबातून बाद होऊ शकते. म्हणजे सात दिवसांपोटी पंचवीस वर्षे. हा खंड क्षमापित करण्याचा अधिकारही सरकारकडेच असतो. म्हणूनच कुठल्याही संपाच्या तडजोडीत मुख्य मागणीइतकाच एक मुद्दा शेवटच्या रात्रीपर्यंत ताणला जातो. संपकाळ नियमित करा, आणि कारवाया मागे घ्या. बाहेरच्या माणसाला हे कलम किरकोळ वाटते. आतल्या माणसाची सगळी पुंजी त्या एका ओळीवर असते.

आता कुणी विचारेल, की नियम एवढे कडक आहेत तर लाखोंच्या संख्येने लोक संपावर जातात कसे? याचे उत्तर शिस्तभंगाच्या कार्यपद्धतीत आहे. घटनेच्या कलम ३११ प्रमाणे सरकारी नोकराला बडतर्फ करायचे तर त्याला आरोप लेखी कळवावे लागतात, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, चौकशी करावी लागते. दोषारोपपत्र, त्यावरचा खुलासा, चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक, साक्षी, अहवाल, अहवालावर पुन्हा कर्मचाऱ्याचे म्हणणे. एका माणसाच्या चौकशीला वर्ष सहज जाते. दहा लाख माणसांची चौकशी करायला तेवढेच अधिकारी कुठून आणणार, आणि तेही संपातच असतील तर? म्हणून नियम सगळ्यांना लागू असला तरी कारवाईचा फास आवळला जातो तो थोड्यांभोवती. संघटनेचे पदाधिकारी, मंडपात माइक घेणारे, जिल्ह्याच्या ठिकाणचे सचिव. १९६० मध्ये जोसेफ यांच्या बाबतीत हेच झाले होते.

चौकशीचा हा अडसर बाजूला सारायचा प्रयत्न तामिळनाडूने केला. निवृत्तीचे लाभ कमी केल्याच्या विरोधात जुलै २००३ मध्ये तिथले कर्मचारी संपावर गेले. जयललितांच्या सरकारने आपल्या अत्यावश्यक सेवा कायद्याचा आणि एका अध्यादेशाचा आधार घेऊन, चौकशी न करता, पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढून टाकले. देशात असे आधी कधी झाले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ ऑगस्ट २००३ रोजी न्यायमूर्ती एम. बी. शहा आणि ए. आर. लक्ष्मणन यांनी निकाल दिला. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर हक्क नाही, आणि नैतिक हक्कही नाही, असे त्यांनी म्हटले. दुसरीकडे न्यायालयाच्या सूचनेवरून सरकारने बहुतेकांना परत घेतले. अट अशी, की प्रत्येकाने बिनशर्त माफी लिहून द्यायची आणि पुढे वर्तणूक नियम पाळण्याची हमी द्यायची.

त्या निकालातला नैतिक हक्काचा भाग मला पटत नाही. कायद्याने संप करता येतो की नाही हे सांगणे न्यायालयाचे काम आहे, आणि त्याचे उत्तर १९६२ पासून स्पष्टच होते. पण ज्याच्या म्हातारपणाची तरतूद एका आदेशाने बदलली, आणि ज्याला दाद मागायला दुसरी जागा नाही, त्याला काम थांबवण्याचा नैतिक अधिकारही नाही हे म्हणणे कायद्याच्या पलीकडचे आहे. पुढच्या वर्षी लोकसभा निवडणुकीत तामिळनाडूच्या सर्व ३९ जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया मागे घेतल्या.

महाराष्ट्राचा अनुभव याहून जुना आहे. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून १४ डिसेंबर १९७७ ला राज्य कर्मचारी संपावर गेले. र. ग. कर्णिक त्यांचे नेते होते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. संप ५४ दिवस चालला. त्या पिढीतल्या कर्मचाऱ्यांच्या घरी अजून त्या दिवसांच्या आठवणी निघतात. दोन महिने पगार नाही, किराणा दुकानदाराने उधारीवर चालू ठेवलेले घर, विकलेल्या बांगड्या. संप संपला तेव्हा हाती काही पडले नव्हते. त्याच वर्षी जुलैत सत्ता बदलली आणि शरद पवारांच्या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची मागणी मान्य केली.

हे सगळे कर्मचाऱ्यांच्या बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूला जो माणूस उभा असतो त्याच्याकडे संघटना नसते. २०२३ च्या मार्चमध्ये संप चालू असतानाच अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू आडवा झाला, द्राक्षांचे घड फुटले, कांदा शेतातच सडू लागला. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो, पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक लागतात, आणि ते संपावर. पीक शेतात आडवे असतानाच पाहणी व्हावी लागते, कारण शेतकरी पुढच्या पिकासाठी रान मोकळे करायला थांबू शकत नाही. कारखान्यातल्या संपात तोटा मालकाचा होतो म्हणून मालक बोलायला येतो. सरकारी संपात तोटा सोसणारा वेगळा आणि निर्णय घेणारा वेगळा. संपबंदीचे जे समर्थन मला खरे वाटते ते हेच आहे. शिस्तीच्या किंवा सार्वभौमत्वाच्या युक्तिवादापेक्षा नाशिकच्या बागेतला तो शेतकरी मला जास्त पटतो.

पण मग बंदीच्या मोबदल्यात काहीतरी द्यायला हवे. केंद्राने १९६६ मध्ये ते अंशतः दिले. १९६० च्या संपानंतर संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. तिच्यात सरकारी प्रतिनिधी आणि मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी समोरासमोर बसतात, आणि एकमत झाले नाही तर तीन विषय सक्तीच्या लवादाकडे जाऊ शकतात. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि रजा. लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो, फक्त तो बदलण्याचा किंवा नाकारण्याचा अंतिम अधिकार संसदेला आहे. म्हणजे सरकारला निवाडा नको असेल तर संसदेत उभे राहून कारण सांगावे लागते. ही छोटी गोष्ट नाही. बंद दालनातली नामंजुरी आणि सभागृहात सांगावी लागणारी नामंजुरी यांत पुष्कळ अंतर आहे.

या यंत्रणेच्या मर्यादाही आहेत. ती संसदेच्या कायद्याने नव्हे, योजनेने चालते. एका व्यक्तीचे प्रकरण तिच्यापुढे जात नाही. परिषदेच्या बैठका वर्षानुवर्षे लांबतात अशी तक्रार संघटना सतत करत आल्या आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, गेल्या वीस वर्षांत सरकारी कर्मचारी ज्या एका प्रश्नावर सर्वांत जास्त पेटले तो निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्या तीन विषयांत नाही. २००३ चा तामिळनाडूचा संप निवृत्तीच्या लाभांवरून, २०२३ चा महाराष्ट्राचा संप पेन्शनवरून. केंद्राची लवादव्यवस्था जशीच्या तशी राज्यात आणली असती, तरी या दोन्ही भांडणांना तिच्यात जागा नव्हती.

राज्यात त्या जागी समिती आली. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि ती कधी स्वीकारायची याला मुदत नसते. डिसेंबर २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी पुन्हा संपाचे हत्यार उपसले. मग २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. तिच्यात शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. संपबंदी असलेल्या राज्यात हमी मिळाली ती संपानंतरच, आणि पुढच्या वेळी कर्मचाऱ्यांनी यातून काय शिकावे हे सांगायला कुणा नेत्याची गरज नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की नियम सहा राहू द्या, पण त्याच्या शेजारी कायद्याने बांधलेला लवाद येऊ द्या. त्याच्या विषयांच्या यादीत निवृत्तिवेतन घाला, निवाड्याला सहा महिन्यांची मुदत घाला, आणि निवाडा नाकारायचा असेल तर ठराव विधानसभेत मांडणे सरकारवर सक्तीचे करा. रुग्णालय, पाणीपुरवठा आणि आपत्तीतले पंचनामे या तीन कामांसाठी किती माणसे कुठल्याही आंदोलनात जागेवर राहतील, हे संघटनांनी त्याच कायद्यात सही करून मान्य करावे. संघटनांमधल्या काही जुन्या कार्यकर्त्यांशी बोललो तेव्हा या शेवटच्या अटीला त्यांनी हरकत घेतली नाही. लवाद खरा असेल का, एवढेच त्यांनी विचारले.